आदल्या रात्रीचा आलेख: एक लघुकथा आणि दोन शंका

रेवा_लिहिते

नमस्कार मंडळी. एक लघुकथा लिहिली आहे, खाली देते. माझ्या दोन शंका आहेत. आकडेवारीत काम न करणाऱ्या वाचकाला यातली चूक नक्की काय होती ते कळतं का? आणि शेवट पटतो का? मोकळेपणाने सांगा.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. संचालक मंडळाची बैठक सकाळी दहाला. मृणाल संगणक बंद करत होती तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बैठकीचे कागद लावणारे सावंत बोलत होते.

"पान 14 आणि पान 15 जुळत नाहीत."

पान 14 तिचं होतं. तक्रार मिटायला लागणारे सरासरी दिवस, तक्रार ज्या महिन्यात आली त्या महिन्यानुसार. एप्रिल 22, मे 21, जून 22, जुलै 18, ऑगस्ट 11, सप्टेंबर 7. जुलैवर एक उभी तुटक रेघ होती, कारण नवी प्रणाली जुलैत सुरू झाली होती. ती रेघ विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून घातलेली. आलेख पाहून ते म्हणाले होते, "याला आता शब्दांची गरजच नाही."

"पान 15 वर सप्टेंबरच्या 412 तक्रारी आहेत," सावंत म्हणाले. "तू आधाराला दिलेल्या तक्त्यात सप्टेंबरच्या ओळी 219 भरतात. उरलेल्या 193 कुठे आहेत?"

"त्या अजून मिटलेल्या नाहीत, सर. मिटल्याशिवाय किती दिवस लागले ते कसं काढणार?"

"बरोबर. मग एप्रिलच्या किती उरल्यात?"

"एकही नाही."

"आणि ऑगस्टच्या?"

मृणालने तक्ता पुन्हा उघडला. ऑगस्टच्या 401 पैकी 78 उघड्या होत्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती थांबली. आकडे 30 सप्टेंबरला काढले होते. सप्टेंबरात आलेल्या तक्रारीला एकोणतीसपेक्षा जास्त दिवस लागणं शक्यच नव्हतं. ज्या तक्रारी दोन-दोन महिने रेंगाळतात त्या एप्रिलच्या सरासरीत होत्या. सप्टेंबरच्या सरासरीत यायला त्यांना अजून वेळच मिळाला नव्हता. रेघ खाली आली होती ती प्रणालीमुळे नव्हे.

तिने दुसरा हिशोब मांडला. त्या महिन्यात आलेल्या सगळ्या तक्रारींपैकी, उघड्या धरून, किती टक्के तक्रारी पंधरा दिवसांत मिटल्या? सप्टेंबरच्या फक्त पहिल्या पंधरवड्यातल्या तक्रारी घेतल्या, कारण त्यांनाच पुरे पंधरा दिवस मिळाले होते. उत्तरं आली 51, 50, 52, 50, 51, 52. जुलैच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच.

सव्वाअकराला तिने विभागप्रमुखांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद चार दिवसांपूर्वीच सगळ्यांकडे गेलेत. उद्या ते पान पडद्यावर आणू नकोस. विषय निघाला तर बघू."

सावंत तोवर तिच्या टेबलापाशी आले होते आणि समोर बसून ऐकत होते. "पडद्यावर आणलं नाही म्हणून त्यांच्या हातातलं पान जात नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "चार ओळी लिही. काय चुकलं, बरोबर आकडा काय, आणि आत्ता काय सांगता येत नाही."

सकाळी त्या चार ओळी मृणालनेच वाचल्या. अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला. "मग नव्या प्रणालीने फरक पडला की नाही?"

"पहिल्या पंधरा दिवसांपुरता तरी नाही. रेंगाळणाऱ्या तक्रारींचं डिसेंबरअखेर सांगता येईल."

"मग डिसेंबरअखेर सांगा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

अक्षरवेल

आवडली. "आणि ऑगस्टच्या?" या प्रश्नावर मीही मृणालबरोबरच थांबले. मला आकडेमोडीचा गंध नाही, तरी एवढं कळलं की जे लवकर सुटले तेच मोजले गेले. पण सरासरी इतकी कशी पडली, 22 वरून थेट 7, ते नीट डोक्यात बसलं नाही. तेवढ्या तक्रारींनी एवढा फरक पडतो?

सरळरेघ

कथा चांगली आहे, पण फसव्या आलेखात नेहमीचा दोष असतो तो उभ्या अक्षाचा. अक्ष शून्याऐवजी 5 पासून सुरू केला की उतार आहे त्यापेक्षा तीव्र दिसतो. सावंतांनी तो पकडायला हवा होता. वाचकालाही लगेच दिसला असता.

रेवा_लिहिते

@सरळरेघ, माझ्या मनातल्या आलेखाचा अक्ष शून्यापासूनच आहे. मुद्दाम तसा ठेवलाय. काढणाऱ्याने सगळे नियम पाळलेत, तरी आलेख खोटं सांगतोय, असं मला हवं होतं.

खोलविहीर

@सरळरेघ, अक्षाचं तुम्ही म्हणता ते स्तंभालेखाला पूर्ण लागू आहे. तिथे डोळा स्तंभाची उंची मोजतो, म्हणून शून्य लागतंच. रेषालेखात ते सक्तीचं नाही, कधीकधी शून्यापासून सुरू केल्याने खरा बदलच दिसेनासा होतो. पण इथे अक्ष कसाही ठेवला तरी 22 चे 7 झालेलेच दिसणार. दोष चित्रात नाही, चित्राच्या आधी आहे.

@अक्षरवेल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका काल्पनिक उदाहरणाने देतो. समजा दर महिन्याला बरोबर 100 तक्रारी येतात आणि काहीही बदलत नाही. 50 तक्रारी 4 दिवसांत मिटतात, 30 तक्रारी 20 दिवसांत आणि 20 किचकट तक्रारींना 70 दिवस लागतात. खरी सरासरी 22 दिवस, प्रत्येक महिन्याला.

आता 30 सप्टेंबरला आकडे काढा. एप्रिल, मे, जूनच्या सगळ्या मिटल्यात, त्यामुळे 22, 22, 22. जुलैतल्या किचकट तक्रारींपैकी साधारण 22 तारखेपर्यंत आलेल्याच मिटल्यात, म्हणून 19. ऑगस्टची एकही किचकट तक्रार अजून 70 दिवसांची झालेली नाही. वीसच्या वीस गायब. उरलेल्या 80 ची सरासरी 10. सप्टेंबरात मधल्या 30 पैकी फक्त पहिल्या दहा दिवसांतल्या मिटल्यात आणि शेवटच्या चार दिवसांतल्या सोप्याही उघड्या आहेत. मोजायला 53 उरतात, सरासरी 7.

म्हणजे काहीच बदललं नाही तरी आलेख 22, 22, 22, 19, 10, 7 असा येतो. घसरण नेहमी शेवटच्या तीन महिन्यांतच दिसेल. पुढच्या मार्चअखेर आकडे काढा, ती जानेवारीपासून दिसेल आणि हाच सप्टेंबर परत 22 वर गेलेला असेल.

यावरून ओळखण्याची एक सोपी युक्ती निघते. तोच आलेख दोन महिन्यांपूर्वीच्या जुन्या आकड्यांवरून काढून शेजारी ठेवायचा. जुना आलेखही शेवटी तसाच वाकत असेल आणि त्याच महिन्यांची रेघ आता सरळ झाली असेल, तर वाकणं मोजण्याच्या पद्धतीतून आलंय.

अक्षरवेल

आता कळलं! त्या वीस तक्रारी संख्येने थोड्या, पण दिवस सगळे त्यांच्याचकडे. रेवाताई, यातलं थोडं कथेत आणता येईल का? सावंतांच्या तोंडी एक वाक्य पुरेल.

कळफलक

माझा रोजचाच विषय. मृणालने नक्की असं काहीतरी लिहिलं असणार:

```sql
SELECT opened_month, AVG(closed_on - opened_on)
FROM complaints
WHERE closed_on IS NOT NULL
GROUP BY opened_month;
```

ती `WHERE` ची ओळ काढली की प्रश्न मिटला. कथेत ही एक ओळ दाखवली तर तांत्रिक वाचकांना मजा येईल.

तुषारबिंदू

@कळफलक, ओळ काढून बघा, उत्तर तेच येईल. `closed_on` रिकामं असेल तर वजाबाकीही रिकामी येते आणि `AVG` रिकाम्या नोंदी गुपचूप सोडून देतं. ना चूक दाखवतं, ना इशारा. एक्सेलमध्ये थोडं वेगळं होतं. तिथे तारखेचा रिकामा रकाना शून्य धरला जातो आणि वजाबाकी उणे चाळीस-पंचेचाळीस हजारांत येते. ते विचित्र दिसतं म्हणून माणूस `IF` लावून तिथे कोरं ठेवतो, आणि मग `AVERAGE` तेही सोडून देतं. पहिला विचित्र आकडा हाच खरा इशारा होता, तो आपण पुसून टाकतो.

मी ती `WHERE` ची ओळ काढते आणि प्रत्येक सरासरीशेजारी `COUNT(*)` आणि `COUNT(closed_on)`, म्हणजे एकूण तक्रारी आणि मिटलेल्या तक्रारी, हे दोन रकाने ठेवते. दोन्ही सारखे नसतील तर पुढे जायचं नाही. सावंतांनी कागदावर केलं ते हेच.

कळफलक

बरोबर आहे, आत्ता करून पाहिलं. फरक शून्य.

ठणठणीत

मला कळत नाही, सगळे त्या मुलीला सहानुभूती का देताय? संचालकांसमोर खोटा आलेख ठेवला, ही सरळ फसवणूक आहे. तिला घरी पाठवायला हवं होतं. कथेत शिक्षा कुठे आहे?

अक्षरवेल

@ठणठणीत, पुन्हा वाचा. तिला माहीतच नव्हतं. कळल्यावर रात्रीच हिशोब करून वरिष्ठांना फोन करणारीही तीच आहे.

खोलविहीर

फसवणूक नाही, पण निष्काळजीपणा कोणाचा हा प्रश्न रास्त आहे. माझं बोट त्या तुटक रेघेकडे जातं. नुसता आलेख 'सरासरी कमी होतेय' एवढंच म्हणत होता. रेघेने त्याला 'नव्या प्रणालीमुळे' हे शब्द दिले. घसरण जुलैपासून दिसणं हा आकडे काढण्याच्या तारखेचा योगायोग होता आणि प्रणालीही नेमकी जुलैत आली. मग आपल्याला हवं तेच दिसल्यावर तपासायला कोण जातंय? हाच आलेख उलटा असता, 7 वरून 22 वर गेलेला, तर विभागप्रमुखांनी त्याच दुपारी आकड्यांचं मूळ मागितलं असतं.

रानवारा_९

आमच्याकडची गोष्ट सांगते, थोडी वेगळी आहे. आमच्या कार्यालयात सरासरी तक्रार आलेल्या महिन्यानुसार न काढता मिटलेल्या महिन्यानुसार काढायचे. त्यात सगळ्या मोजलेल्या तक्रारी मिटलेल्याच असतात, म्हणून ही भानगड होणार नाही असं सगळ्यांना वाटायचं.

मग एका तिमाहीत आम्ही ठरवून जुन्या पडलेल्या तक्रारी हातावेगळ्या केल्या. सहा-सहा, आठ-आठ महिने कोणी हात न लावलेल्या. सगळा चमू उशिरापर्यंत थांबत होता. आणि त्या तिमाहीचा आलेख आला तो आकाशाला भिडलेला! जुन्या तक्रारी मिटल्या की त्यांचे सगळे दिवस त्याच महिन्याच्या खात्यात पडतात ना. बैठकीत आम्हाला विचारलं, कामाचा वेग इतका का घसरला? पुढच्या तिमाहीत कोणीही जुन्या तक्रारींना हात लावला नाही. आलेख सुंदर आला.

त्यामुळे मृणालच्या आलेखाबद्दल मला राग येत नाही, पण त्यावरून जे निर्णय होतात त्यांचा येतो. तक्रार करणारा माणूस तिकडे वाट बघतच असतो.

तुषारबिंदू

रानवारा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पहिल्या पद्धतीत न सुधारता सुधारणा दिसते, दुसरीत सुधारत असताना बिघाड दिसतो. म्हणून मला दोन आकडे शेजारी लागतात. पंधरा दिवसांत किती टक्के मिटल्या हा एक, आणि आज उघड्या असलेल्यांचं वय काय हा दुसरा. तुमच्या चमूचं काम दुसऱ्या आकड्यात लख्ख दिसलं असतं.

सरळरेघ

अक्षाचा मुद्दा सोडला. पण मग सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला असता तर? किचकट वीस तक्रारींचा त्याच्यावर परिणामच होत नाही. मृणालचा प्रश्न तिथेच संपला असता.

खोलविहीर

अर्धं पटतं. फक्त मिटलेल्यांचा मध्यक काढला तर तोही ताज्या महिन्यांत खाली सरकतो, कारण रांगेच्या शेवटची माणसं उचलून नेली की मधला माणूस बदलतो. पण उघड्या तक्रारींनाही रांगेत उभं केलं, 'अजून मिटली नाही, निदान इतके दिवस झालेत' असं म्हणून, तर निम्म्या मिटल्याबरोबर मध्यक सांगता येतो आणि तो प्रामाणिक असतो.

उघडी तक्रार म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. 45 दिवस उघडी असलेली तक्रार आपल्याला सांगते की हिला 45 पेक्षा जास्त लागणार. रुग्णांच्या अभ्यासात हा पेच कायम असतो, कारण अभ्यास संपतो तेव्हा बरेच रुग्ण सुदैवाने जिवंत असतात. कॅप्लन आणि मायर यांनी 1958 मध्ये त्यासाठी जी पद्धत मांडली ती आजही वापरतात. तक्रारींनाही ती जशीच्या तशी लागते. पण रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशी संचालकांना समजावायचं असताना, मृणालने पंधरा दिवसांची टक्केवारी निवडली ते योग्यच केलं. एका वाक्यात सांगता येतो असा आकडा तिला हवा होता.

सरळरेघ

पण त्या टक्केवारीत एक भोक आहे, ते कोणी बोलत नाहीये. पंधरा दिवसच का? नव्या प्रणालीने 70 दिवसांच्या तक्रारी 40 वर आणल्या असतील तर तिच्या आकड्यात ते दिसणारच नाही. ती सरळ रेघ दाखवून प्रणालीवर अन्याय करतेय असंही होऊ शकतं.

खोलविहीर

हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच मला तिचं शेवटचं उत्तर आवडलं, "पहिल्या पंधरा दिवसांपुरता". पण रेंगाळणाऱ्या तक्रारींचंही थोडं तेव्हाच बघता आलं असतं. 60 दिवसांत मिटलेल्यांची टक्केवारी एप्रिल ते जुलै अशी काढता येते, कारण 31 जुलैची तक्रारही 30 सप्टेंबरला 61 दिवसांची असते. जुलै हा नव्या प्रणालीचा पहिला महिना. एक बिंदू का होईना, मिळाला असता.

रेवा_लिहिते

@सरळरेघ, @खोलविहीर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अध्यक्षांचा प्रश्न मी थोडा लांबवते. "जुलैचं तरी सांगता येईल ना?" असं ते विचारतील.

निळा_शाईपेन

उशिरा आलो. आदली रात्र, तांत्रिक माणसं आणि अर्धे आकडे म्हटलं की मला चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान आठवतं. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, थंडीत बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी कड्या टिकतील का यावर दूरध्वनीवरून बैठक झाली. अभियंते उड्डाण नको म्हणत होते, पण थंडीचा संबंध आकड्यांतून नीट उभा राहिला नाही. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढीच तापमानासमोर मांडली तर काही ठरावीक कल दिसत नाही. चौकशी आयोगाने नंतर इजा न झालेली उड्डाणंही त्यात घातली. 65 अंश फॅरनहाइटच्या खालच्या चारही उड्डाणांत इजा होती, त्यावरच्या वीस उड्डाणांत फक्त तीनदा. 28 तारखेला सकाळी यान उडालं आणि सात जण गेले.

तिथेही प्रश्न सावंतांचाच होता. उरलेली कुठे आहेत?

ठणठणीत

हे वाचून माझं मत थोडं बदललं. मृणालबद्दल बदललं, विभागप्रमुखांबद्दल नाही. त्यांना रात्री सव्वाअकराला कळलं होतं. "विषय निघाला तर बघू" म्हणणारा माणूस कथेत सहज सुटतो. सकाळी ते कुठे होते?

कागदबांधणी

मी बरीच वर्षं संचालकांच्या बैठकांचे कागद लावण्याचं काम केलंय, म्हणून सावंत मला जवळचे वाटले. ते आकडेतज्ज्ञ नाहीत, तरी त्यांनी चूक पकडली, हे अगदी खरं आहे. कागद लावणारा माणूस आलेख वाचत नाही, पानं एकमेकांशी ताडतो. विभाग वेगवेगळे असतात आणि सगळी पानं एकत्र फक्त त्याच्याच टेबलावर येतात. पान 14 एका विभागाचं, पान 15 दुसऱ्याचं, दोघांनी एकमेकांचं पान कधी पाहिलेलंच नसतं.

शेवटाबद्दल मात्र माझी हरकत आहे. एकदा पाठवलेलं पान मागे घ्यायचं तर ते कनिष्ठ विश्लेषकाने उभं राहून वाचायचं काम नाही. ज्या विभागाने ते सादर केलं त्याच्या प्रमुखाने बैठकीच्या सुरुवातीला सांगायचं, दुरुस्त पान सगळ्यांच्या हातात द्यायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी कोणीतरी जुन्या गठ्ठ्यातून तोच 7 दिवसांचा आकडा उचलतो आणि पुढच्या कागदात घालतो. हे मी होताना पाहिलंय. मृणालने वाचलं की वाचकाला बरं वाटतं, पण चूक तिच्या एकटीची होऊन बसते.

अक्षरवेल

कथा म्हणून मला तिनेच वाचलेलं हवं आहे. रात्रभर तीच त्या आकड्यांशी झुंजली, सकाळी दुसरा कोणी बोलला तर ती कथेतून निघूनच गेली. आणि इतिवृत्ताची नोंद वगैरे आणलं तर कथा कंटाळवाणी होईल.

रानवारा_९

दोन्ही का नको? प्रमुख उभे राहतात, पहिलं वाक्य बोलतात, पुढे त्यांना आकडा आठवत नाही आणि ते मृणालकडे बघतात.

ठणठणीत

त्यांच्याकडून पहिलं वाक्य तरी वदवून घ्या. सव्वाअकराच्या फोननंतर ते वाक्य बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला वाचायचंय.

रेवा_लिहिते

@कागदबांधणी, इतिवृत्ताचा मुद्दा मनात घर करून बसलाय. त्या 7 दिवसांच्या आकड्याने सहा महिन्यांनी पुन्हा वर यावं, ही कदाचित वेगळीच कथा आहे. प्रमुखांनी बोलावं की नाही हे अजून ठरत नाही. ते बोलले तर रात्री ते का बदलले हे मला दाखवावं लागेल, आणि खरं सांगायचं तर ते बदलतील असं मला वाटत नाही. सावंतांचं वाक्य मात्र नक्की घालते: "ज्या मिटल्या नाहीत त्यांचेच दिवस जास्त असतात ना, बाळ?"

तुषारबिंदू

'बाळ' नको. साडेनऊला चूक दाखवणारा माणूस बरोबरीने बोलला तर ती जास्त ऐकेल. आणि 60 दिवसांचा जुलैचा आकडा काय येतो ते आधी ठरवा, म्हणजे प्रमुख काय बोलतील ते आपोआप ठरेल. तो आकडा सुधारलेला निघाला तर त्यांच्याकडे बोलायला काहीतरी खरं असेल.